प्रेस शॉपची सुरक्षा नोटीस इंग्रजीतून मराठीत आणायची आहे, मजकुरासाठी मदत हवी

मृणाल_चाकण

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी ट्रेनिंगचं काम बघते. आमच्याकडे मेकॅनिकल पॉवर प्रेसची लाइन आहे, पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लिपा निघतात. मूळ कंपनीकडून एक पानी इंग्रजी नोटीस आली आहे. डायमध्ये जॉब किंवा स्क्रॅप अडकला, किंवा डाय साफ करायची असली, तर आधी मशीन बंद करून कुलूप कसं लावायचं, असा तिचा विषय. आमच्याकडे याला सगळे लोटोच म्हणतात. ही नोटीस प्रत्येक प्रेसजवळ मराठीत लावायची आहे.

भाषांतर करून आलंय ते असं:

> सर्व कर्मचाऱ्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की, अडथळा निर्मूलन अथवा देखभाल कार्य हाती घेण्यापूर्वी यंत्राच्या सर्व ऊर्जा स्रोतांचे विलगीकरण करण्यात यावे, संचित ऊर्जा मुक्त करण्यात यावी, साच्यामध्ये सुरक्षा ठोकळा स्थापित करण्यात यावा व शून्य ऊर्जा स्थितीची पडताळणी करण्यात यावी. अनुपालन न केल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.

लाइनवरच्या दोघांना वाचायला दिलं. एकाने विचारलं, "मॅडम, हे ऑफिसवाल्यांसाठी आहे का?" दुसऱ्याने शेवटची ओळ तेवढी दोनदा वाचली आणि कागद परत दिला.

मला तीन गोष्टींवर मत हवं आहे. 'तुम्ही' लिहावं की 'आपण'? 'करा' की 'करावे'? आणि शेवटच्या ओळीचं काय करायचं? माझ्यापेक्षा वयाने मोठी, पंधरा-वीस वर्षं प्रेसवर काढलेली माणसं हे वाचणार आहेत. त्यांना शाळेतल्या पोरांसारखं दटावलेलं मला चालणार नाही.

विदुला_पुणे

मी सरकारी कार्यालयात भाषेचं काम केलं आहे, म्हणून लिहिते. मजकूर क्लिष्ट आहे हे मान्य. पण क्लिष्टता काढताना आदर जाऊ नये. 'आपण' आणि 'कृपया' हवंच. 'करा' हा थेट हुकूम वाटतो, 'करावे' सौम्य आहे. मी असं लिहीन: "कृपया आपण यंत्रात हात घालण्यापूर्वी यंत्राचा विद्युतपुरवठा खंडित करावा व कुलूप लावावे." यात प्रमाण मराठीही राहते आणि मानही राहतो.

रेश्मा_प्रेसलाइन

विदुलाताई, राग मानू नका, पण मी स्वतः प्रेसवर उभी असते म्हणून सांगते. 'कृपया लावावे' वाचलं की लावलं तर बरं, नाही लावलं तरी चालतंय असं वाटतं. कँटीनमध्ये पाटी आहे, कृपया ताटे जागेवर ठेवावीत. ताटं टेबलावरच असतात.

आमचे जुने सेटर आम्हाला 'ताई, हात काढा' म्हणायचे. त्यात अपमान कधी वाटला नाही. अपमान वाटतो तो शेवटच्या ओळीचा. बोट आमचं जाणार आणि कारवाई पण आमच्यावरच.

सुभाष_कोल्हापूर

चांगला धागा. आमची शिरोलीला फौंड्री आहे. आमच्याकडे पोरं गॉगल घालत नाहीत, ग्राइंडिंगला उभी राहतात तशीच. चष्म्यावर वाफ धरते म्हणतात. मराठीत जरा कडक शब्दांत बोर्ड करायचा आहे, दंडाची रक्कम टाकून. कोणाकडे तयार मजकूर असेल तर टाका, तसाच छापून घेतो.

मृणाल_चाकण

सुभाषराव, आमची नोटीस मशीनला कुलूप लावण्याची आहे, गॉगलची नाही. पण वाफ धरते हे ते सांगताहेत ना, मग बोर्डाआधी वाफ न धरणारे गॉगल बघा असं मला वाटतं. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथे.

दत्ता_मेंटेनन्स

मृणालताई, करा की करावे हे नंतर बघू. मला तुमच्या मजकुरात त्याहून मोठी अडचण दिसते. 'विलगीकरण करण्यात यावे' म्हणजे कोणी करावं? 'पडताळणी करण्यात यावी' ती कोणी? इंग्रजीत पण असंच असणार, माणूस कुठेच नाही. मराठीत 'करा' लिहायला गेलं की लगेच प्रश्न येतो, हे वाचणाऱ्याकडे कुलूप आहे का?

मी प्रेसच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलंय. बहुतेक ठिकाणी कुलपं सेटर आणि मेंटेनन्सकडे असतात. ऑपरेटरकडे नसतात. तुमच्याकडे कशी आहेत ते आधी बघा. ऑपरेटरला कुलूप दिलेलंच नसेल आणि बोर्डावर 'कुलूप लावा' लिहिलं असेल, तर तो बोर्ड पहिल्या दिवशीच खोटा पडतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुमच्या मजकुरात आधी 'संचित ऊर्जा मुक्त' आणि मग ठोकळा आहे. प्रेसवर संचित ऊर्जा म्हणजे काय, ते डोळ्यासमोर आणा. एक तर फ्लायव्हील. मोटर बंद केली, इमर्जन्सी बटण दाबलं, तरी ते जड चाक बराच वेळ आपल्या जोरावर फिरत राहतं. त्या वेळात क्लच चुकून धरला तर एक स्ट्रोक पूर्ण बसू शकतो. दुसरी, हवा. बऱ्याच प्रेसवर रॅमचं वजन तोलून धरायला हवेचे सिलिंडर असतात. ती हवा आधी सोडली, तर रॅम नुसत्या ब्रेकवर लटकतो. ब्रेकचे लायनर झिजलेले असतील तर तो हळूहळू खाली येतो. आणि तुमच्या मजकुराप्रमाणे नेमका त्याच वेळी माणूस ठोकळा बसवायला डायमध्ये हात घालतोय.

म्हणून ठोकळा आधी, हवा नंतर.

नितीन_सेफ्टी

दत्ताभाऊंशी सहमत. आणखी एक जोडतो. कुलूप लावल्यावर स्टार्ट बटण दाबून बघणं इंग्रजी नोटिशीत शेवटी येतं, कारण ती सगळ्या मशीनसाठी एकच लिहिलेली असते. प्रेसवर ते ठोकळा बसवायच्या आधी करायचं. चुकून शेजारच्या प्रेसचा आयसोलेटर ऑफ झाला असेल आणि ठोकळा आत असताना मोटर सुरू होऊन स्ट्रोक बसला, तर तो ठोकळा फुटून तुकडे उडू शकतात. सेफ्टी ब्लॉक रॅम आणि वरच्या डायचं वजन पेलायला असतो, प्रेसचा टनेज पेलायला नव्हे. हे लाइनवर बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ठोकळा आहे म्हणजे मोटर चालू ठेवली तरी चालेल, अशी समजूत मी स्वतः ऐकली आहे.

भाषेबद्दल कायदा काय म्हणत आला तेही सांगतो, कारण पुढे कोणी विचारेल. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 108 नुसार, त्या कायद्याखाली लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मुख्य दाराजवळ, स्वच्छ आणि वाचता येतील अशा लावायच्या असत. तुमची नोटीस कंपनीची स्वतःची आहे, त्यामुळे तिला हे कलम तेव्हाही अक्षरशः लागू झालं नसतं. पण अट 'मराठीत' अशी नव्हती, 'समजेल अशा भाषेत' अशी होती, हे ध्यानात घ्या.

विदुला_पुणे

दत्ताभाऊंनी दाखवलेली गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कर्मणी रचनेत कर्ता लपतो, आणि इथे तो लपून चालणार नाही, हे पटलं. 'करा' चालेल. रेश्माताईंचा कँटीनचा अनुभवही बोलका आहे.

पण प्रमाण मराठीचा मुद्दा मी सोडत नाही. 'मेन ऑफ करा' असं बोर्डावर लिहिणं मला खटकतं. 'मुख्य कळ बंद करा' का नको?

दत्ता_मेंटेनन्स

ताई, पॅनलवर ऑन-ऑफच कोरलेलं आहे. कामगार तोच शब्द बघतो आणि तोच बोलतो. 'मुख्य कळ' वाचून तो शोधत बसेल. पॅनलवर जे नाव आहे तेच बोर्डावर.

'चालू' या शब्दाचंही तसंच. टॅगवर आपण सर्रास 'काम चालू आहे' लिहितो. दहा फुटांवरून त्यातला 'चालू' तेवढा दिसतो. मी आमच्याकडे टॅग बदलून घेतले. वर मोठ्या अक्षरांत 'बंद ठेवा', खाली 'डायमध्ये माझे हात आहेत', त्याखाली नाव, खातं, तारीख.

रेश्मा_प्रेसलाइन

'माझे हात आहेत' हे फार आवडलं. आणि बाई असो की पुरुष, लिहायला अडचण नाही. आमच्या सध्याच्या टॅगवर 'मी काम करत आहे, काढू नये, कामगार श्री.' असं छापलेलं आहे. दरवेळी श्री खोडून सौ करावं लागतं.

मूळ विषयावर एक विचारायचं आहे. ठोकळा बसवायचा म्हणजे रॅम वर थांबलेला असायला हवा. पण जॉब अडकतो तेव्हा कित्येकदा रॅम वर नसतोच, खालीच चिकटून बसतो. तेव्हा काय करायचं ते नोटिशीत कुठंच नाही. अशा वेळी पोरं काय करतात ते मला माहीत आहे. इंचिंगवर घेऊन पुढे-मागे करतात आणि एकजण पकड घेऊन बाजूने उभा राहतो.

दत्ता_मेंटेनन्स

रेश्माताई, बरोबर बोट ठेवलंत. रॅम खाली अडकला की ऑपरेटरचं काम तिथेच संपलं. पुढचं सेटर आणि मेंटेनन्सचं. इंचिंग चालू असताना डायजवळ दुसरा माणूस नको, मग हातात पकड असो की सळई. हे वाक्य बोर्डावर गेलंच पाहिजे.

मृणाल_चाकण

मंडळी, आज शॉपमध्ये जाऊन बघितलं. दत्ताभाऊ म्हणतात तसंच निघालं. कुलपं फक्त सेटर आणि मेंटेनन्सकडे आहेत. ऑपरेटर एकालाही नाही. म्हणजे मूळ इंग्रजी नोटीस ज्यांना उद्देशून आहे त्यातल्या बहुतेकांना ती पाळताच येणार नाही.

म्हणून एका नोटिशीचे दोन कागद करते आहे. सेटरचं कार्ड, पॅनलच्या दारावर लावायचं:

> प्रेस क्र. __ — डायमध्ये हात घालण्याआधी (सेटर आणि मेंटेनन्स)
>
> 1. रॅम वरच्या टोकाला थांबवा. रॅम वर जात नसेल तर इथेच थांबा, मेंटेनन्सला बोलवा. इंचिंग करताना डायजवळ कोणीही उभं राहायचं नाही.
> 2. मोटर बंद करा. फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघा.
> 3. याच प्रेसचा मेन आयसोलेटर ऑफ करा. आपलं कुलूप लावा, चावी खिशात ठेवा. टॅगवर नाव लिहा.
> 4. सगळे बाजूला झालेत हे बघा. मोटर स्टार्टचं बटण दाबून बघा. मोटर सुरू झाली नाही तरच पुढे जा.
> 5. सेफ्टी ब्लॉक लावा.
> 6. हवेचा वॉल्व्ह बंद करा, त्यालाही कुलूप लावा, आतली हवा सोडा. गेजचा काटा शून्यावर आला पाहिजे.
>
> आता हात घाला.

आणि ऑपरेटरचा बोर्ड, समोर, डोळ्यांच्या उंचीवर:

> जॉब किंवा स्क्रॅप अडकला?
>
> हात घालू नका. इमर्जन्सी बटण दाबा. सेटरला बोलवा.
>
> बटण दाबलं तरी फ्लायव्हील फिरत असतं. सेटरचं कुलूप लागेपर्यंत डायमध्ये कोणाचाही हात जाऊ देऊ नका.
>
> सेटरची वाट बघताना जे प्रॉडक्शन थांबेल, त्याचा जाब तुम्हाला विचारला जाणार नाही.

कारवाईची धमकी काढून त्या जागी शेवटची ओळ घातली आहे. तिच्याखाली प्लांट हेडची सही घ्यायचा विचार आहे.

विदुला_पुणे

मजकूर उत्तम उतरला आहे. एकच सूचना. तिसऱ्या ओळीत 'आपलं कुलूप' आहे. 'आपलं' म्हणजे माझं की आपल्या सगळ्यांचं? सेटरच्या खोलीत खात्याचं एखादं सामाईक कुलूप असेल तर तेही 'आपलंच'. 'स्वतःचं कुलूप' लिहा.

नितीन_सेफ्टी

विदुलाताईंची सूचना महत्त्वाची आहे. दोघं काम करणार असतील तर दोन कुलपं, प्रत्येकाचं स्वतःचं. एक माणूस काम संपवून कुलूप काढून गेला आणि दुसऱ्याचे हात अजून आतच, हा प्रकार एकाच सामाईक कुलपामुळे होतो. एका आयसोलेटरला अनेक कुलपं लावायची भोकांची पट्टी मिळते, ती मागवून घ्या.

प्रेस क्रमांक कार्डावर, पॅनलवर आणि मशीनवर एकाच रंगात, एकाच आकारात रंगवा. चौथी पायरी चुकीचा आयसोलेटर पकडण्यासाठी आहे, पण मुळात चूक न झालेली बरी.

दत्ता_मेंटेनन्स

फ्लायव्हील 'डोळ्यांनी बघा' लिहिलंत, पण जाळीच्या आत काळं चाक काळोखात फिरतंय की थांबलंय हे कळत नाही. चाकावर पांढऱ्या रंगाचा एक जाड पट्टा मारून घ्या. मग कार्डावर 'जाळीतून बघा, पांढरा पट्टा थांबला पाहिजे' असं लिहा. 'अमुक मिनिटं थांबा' असं लिहू नका. प्रत्येक प्रेसचं चाक वेगळा वेळ घेतं, आणि माणूस घाईत असला की मिनिटं कमी मोजतो.

आणि हा क्रम मी सांगितला तो आमच्याकडच्यासारख्या प्रेससाठी. तुमच्या प्रत्येक मशीनच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. हायड्रॉलिक प्रेस असेल तर हे कार्ड तसंच्या तसं लावू नका, तिथे तेलाचा प्रेशर येतो आणि पायऱ्या बदलतात.

सुभाष_कोल्हापूर

आमच्या ट्रिमिंग प्रेसला हे कार्ड लावू का मग? ती हायड्रॉलिक आहे.

दत्ता_मेंटेनन्स

नको. मॉडेल सांगा, वेगळं बोलू.

रेश्मा_प्रेसलाइन

मृणालताई, बोर्ड छान झालाय. आमच्याकडे असता तर मी स्वतः लावला असता. पण एक खरं सांगते. क्लिपच्या डायला बारीक स्क्रॅप दर थोड्या स्ट्रोकला चिकटतं. त्या प्रत्येक वेळी सेटरला बोलवायचं म्हटलं तर शिफ्टमध्ये दुसरं काही होणार नाही. आम्ही चिमट्याने काढतो. तुमच्या बोर्डाप्रमाणे ते पण 'अडकला' मध्येच येतं का? ते स्पष्ट नसेल तर पोरं बोर्ड दोन दिवस पाळतील आणि मग सगळाच सोडून देतील, मोठा जॉब अडकला तरी.

नितीन_सेफ्टी

नियमाप्रमाणे उत्तर सोपं आहे. शरीराचा कोणताही भाग डायच्या पट्ट्यात जात असेल तर कुलूप.

दत्ता_मेंटेनन्स

नितीनसाहेब, नियम बरोबर आहे, पण रेश्माताईंचा प्रश्न वेगळा आहे. लांब दांड्याचा चिमटा, हात लाइट कर्टनच्या बाहेर, दोन्ही हातांची बटणं सोडलेली, अशा वेळी हात डायमध्ये जातच नाही. माझ्या मते ते वेगळं लिहावं. आणि दर थोड्या स्ट्रोकला स्क्रॅप चिकटत असेल तर ती डाय टूलरूमला गेली पाहिजे. धार गेलेली असेल, क्लिअरन्स वाढला असेल किंवा एअर इजेक्टरचं नोझल सरकलं असेल.

नितीन_सेफ्टी

चिमट्याची सूट बोर्डावर लिहिली की महिन्याभरात चिमटा आखूड होतो. लाइट कर्टन बायपास केलेल्या प्रेस मी बघितल्या आहेत, तिथे तर ही सूट सरळ बोटावर येईल. मी लिहिणार नाही. डाय दुरुस्त करा, एवढंच.

मृणाल_चाकण

दोघांचंही म्हणणं मी सेफ्टी कमिटीसमोर ठेवते. तोवर बोर्डात एक ओळ वाढवते: "एकाच डायमध्ये स्क्रॅप पुन्हा पुन्हा चिकटत असेल तर सुपरवायझरला सांगा, डाय टूलरूमला जाईल." टूलरूमच्या मॅनेजरनी याला होकार दिला आहे, म्हणून लिहिते आहे.

इतर बदल केले. 'स्वतःचं कुलूप' केलं. पांढरे पट्टे रविवारी मारून होतील. टॅग दत्ताभाऊंच्या मजकुराप्रमाणे छापायला दिले आहेत. प्रिंटरकडे जुन्या फॉन्टमध्ये फाइल उघडून सगळ्या वेलांट्या निखळल्या होत्या, 'स्थिती'चं भलतंच काही झालं होतं. आता पीडीएफ पाठवते आणि छापण्याआधी एक प्रत लाइनवर वाचून घेते.

पायऱ्यांचा क्रम बदलल्याचं मूळ कंपनीला कळवलं. त्यांनी कारण विचारलं. हवा सोडल्यावर रॅम ब्रेकवर लटकतो, हे दत्ताभाऊंचं स्पष्टीकरण मी इंग्रजीत लिहून पाठवलं आहे. उत्तर यायचं आहे, तोवर सेटरचं कार्ड लावत नाही. ऑपरेटरचा बोर्ड लावते आहे.

भरत_भोसरी

उशिरा वाचला धागा. आमच्याकडे प्रेसवर निम्म्याहून जास्त पोरं बिहार आणि यूपीची, काही ओडिशाची. नितीनसर म्हणाले तसं समजेल अशी भाषा हवी. आम्ही मराठीखाली हिंदी छापलं, तर अक्षरं एवढी बारीक झाली की दोन्ही वाचता येईनात. तुमच्याकडे काय स्थिती आहे?

मृणाल_चाकण

भरतदादा, आमच्याकडे कायम कामगार बहुतेक मराठी आहेत, कॉन्ट्रॅक्टवरचे बरेच हिंदी बोलणारे. एकाच बोर्डावर दोन भाषा कोंबणार नाही, दोन बोर्ड शेजारी लावणार आहे. हिंदीचा मजकूर मराठीवरून शब्दाला शब्द करून घेणार नाही. लाइनवरच्या एका गोरखपूरच्या सेटरबरोबर बसून लिहिणार आहे, पॅनलवरची नावं तीच ठेवून. ओडियाचं अजून जमलेलं नाही. तिथे चित्रं लागतील: हात, त्यावर काट, कुलूप, पांढरा पट्टा.

रेश्मा_प्रेसलाइन

प्लांट हेडची सही झाली का?

मृणाल_चाकण

अजून नाही. 'जाब विचारला जाणार नाही' याच्या आधी त्यांना 'वाजवी वेळेत' हे शब्द हवे आहेत. मी म्हटलं, वाजवी किती ते आकड्यात लिहा, नाहीतर ते दोन शब्द काढा. मंगळवारी पुन्हा बसणार आहोत.

रेश्मा_प्रेसलाइन

मग त्यांना एक विचारा. तिसऱ्या शिफ्टला अख्ख्या लाइनला सेटर किती असतात? आमच्याकडे एकच असतो, आणि तो जेवायला गेला की बोलवायचं कोणाला, हे बोर्डावर कोणी लिहीत नाही. तुमच्या बोर्डावर सेटरच्या खाली दुसरं नाव आणि एक्स्टेंशन नंबर यायला हवा.

मृणाल_चाकण

तिसऱ्या शिफ्टला आमच्याकडेही एकच आहे. हा मुद्दा मंगळवारच्या यादीत सगळ्यात वर घेते.